विमान तिकिटावरचा जीएसटी: परत कधी मिळतो, कधी बुडतो

छोट्या धंद्यातल्या माणसाची सीएकडे जाणारी फाइल उघडली तर विमानप्रवासाचा पुरावा म्हणून त्यात बहुतेक वेळा बोर्डिंग पास लावलेले असतात. सोबत ई-मेलवर आलेल्या तिकिटाची प्रिंट असते आणि क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर पेनाने केलेली खूण असते. प्रवास झाला आणि पैसे गेले, हे एवढ्यावरून नक्कीच सिद्ध होतं. तिकिटात भरलेला जीएसटी मात्र यातल्या एकाही कागदावर सहसा परत मिळत नाही. त्यासाठी लागतं ते विमान कंपनीचं टॅक्स इनव्हॉइस. ते आपल्या उपयोगाचं निघणार की नाही, हे तिकीट काढतानाच ठरून गेलेलं असतं. सीएच्या हातात फाइल जाते तेव्हा त्यात बदलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. इकॉनॉमी क्लासच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. हॉटेलातल्या जेवणावरच्या ५ टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून विमानाच्या ५ टक्क्यांचंही मिळत नसणार, असं अनेकजण परस्पर ठरवून टाकतात. इकॉनॉमीच्या ५ टक्के दराला अट आहे खरी, पण ती विमान कंपनीला आहे: कंपनीने खरेदी केलेल्या मालावरचं क्रेडिट तिने घ्यायचं नाही. धंद्यासाठी प्रवास करणाऱ्या नोंदणीकृत ग्राहकाला ही अट लागू होत नाही. बिझनेस क्लासचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याचंही क्रेडिट धंद्याच्या कामासाठी घेता येतं. कायद्याच्या कलम १७(५) मध्ये क्रेडिट न मिळणाऱ्या गोष्टींची यादी आहे. त्या यादीत रजेवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला दिलेली प्रवास सवलत आहे आणि खासगी वापरही आहे, पण धंद्याच्या कामासाठी केलेला विमानप्रवास नाही.

हे सगळं नियमित नोंदणी असलेल्यांसाठी. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला कशाचंच क्रेडिट नसतं, त्यामुळे त्याने तिकिटाच्या मागे लागायचं कारण नाही. ज्यांच्या विक्रीत करमुक्त माल बराच असतो, त्यांना क्रेडिट त्या प्रमाणात कमी करून घ्यावं लागतं.

आता एक प्रवास घेऊ. इचलकरंजीतला एक कापड व्यापारी आहे, प्रोप्रायटरी फर्म, नोंदणी महाराष्ट्रात. दिल्लीतल्या दोन घाऊक खरेदीदारांना नमुने दाखवायला तो पुण्याहून दिल्लीला जातो आणि तिसऱ्या दिवशी परत येतो. हिशेब सोपा पडावा म्हणून आकडे गोल धरू. जातानाचं करपात्र भाडं ६,००० रुपये, येतानाचं ७,०००. पाच टक्क्यांनी जाताना ३०० आणि येताना ३५० रुपये कर.

पुण्याहून निघणाऱ्या प्रवासाचं बिल विमान कंपनी आपल्या महाराष्ट्रातल्या नोंदणीवरून काढते, असं धरू. व्यापाऱ्याने तिकीट काढताना आपला जीएसटी नंबर दिलेला आहे, म्हणून या सेवेचं पुरवठा स्थळ, म्हणजे कर कोणत्या राज्याच्या खात्यात जाणार ते ठिकाण, महाराष्ट्र धरलं जातं. विकणारा आणि घेणारा दोघेही महाराष्ट्रातले, तेव्हा बिलावर १५० रुपये सीजीएसटी आणि १५० रुपये एसजीएसटी दिसतो. परतीच्या प्रवासाचं बिल कंपनीच्या दिल्लीच्या नोंदणीवरून येतं. विकणारा दिल्लीचा आणि पुरवठा स्थळ महाराष्ट्र, म्हणून तिथे ३५० रुपयांचा आयजीएसटी लागतो. तिकीट जाण्यायेण्याचं एकत्र काढलं तरी कायदा परतीचा प्रवास वेगळाच धरतो, त्यामुळे एकाच पीएनआरवर दोन बिलं आणि दोन तऱ्हेचे कर दिसले तर दचकायचं कारण नाही. दोन्हींचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या विवरणपत्रात घेता येतं.

नंबर दिला नसता तर काय झालं असतं? नंबर नसलेल्या प्रवाशासाठी नियम वेगळा आहे: तो जिथून विमानात बसतो ते पुरवठा स्थळ. जातानाचं महाराष्ट्रच राहिलं असतं, पण येतानाचं दिल्ली झालं असतं आणि ३५० रुपये केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्यात वाटले गेले असते. दोन्ही व्यवहार कंपनीच्या विवरणात सर्वसामान्य ग्राहकांच्या एकत्रित रकमेत बुडाले असते आणि व्यापाऱ्याच्या नावापुढे काहीच आलं नसतं. प्रवास तोच, खर्चही तोच. फक्त बुकिंगच्या पानावरचा एक रकाना रिकामा राहिला, म्हणून सगळं क्रेडिट गेलं.

या बाबतीत विमानाचं तिकीट हॉटेलपेक्षा बरं आहे, हे जाता जाता सांगायला हवं. हॉटेलच्या खोलीचं पुरवठा स्थळ ती इमारत जिथे आहे तेच राहतं. आपल्या व्यापाऱ्याने दिल्लीच्या हॉटेलात महाराष्ट्राचा नंबर दिला तरी बिलावर दिल्लीचाच कर लागतो आणि महाराष्ट्राच्या नोंदणीवर तो घेता येत नाही. विमानाच्या बाबतीत नुसता नंबर दिल्याने कर आपल्या राज्याकडे वळतो.

आता बिलावर काय काय असावं लागतं ते पाहू. प्रवासी वाहतुकीसाठी जीएसटी नियमांत एक खास सवलत आहे. नियम ५४(४) म्हणतो की तिकीट कोणत्याही स्वरूपातलं असलं तरी टॅक्स इनव्हॉइस धरलं जाईल. त्यावर अनुक्रमांक नसला तरी चालेल आणि ग्राहकाचा पत्ता नसला तरी चालेल. पण नियम ४६ मध्ये सांगितलेला बाकीचा तपशील हवाच. म्हणजे विमान कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर, तारीख, ग्राहकाचं नाव आणि नंबर, सेवेचं वर्णन आणि तिचा कोड, करपात्र रक्कम, कराचा दर, सीजीएसटी, एसजीएसटी किंवा आयजीएसटी वेगवेगळे दाखवलेले, आणि व्यवहार आंतरराज्य असेल तर पुरवठा स्थळाच्या राज्याचं नाव. अडचण अशी की आपल्याला ई-मेलने येणाऱ्या तिकिटावर यातलं निम्मंही नसतं. तिथे भाडं असतं आणि खाली ‘टॅक्सेस अँड फीज’ म्हणून सगळ्याची एक गोळाबेरीज असते. त्या बेरजेत जीएसटी किती आणि विमानतळाचे आकार किती, हे कळायला मार्ग नाही. म्हणून कायद्याने तिकीटच बिल मानलं असलं, तरी व्यवहारात कंपनीच्या वेबसाइटवरून जीएसटी इनव्हॉइस वेगळं उतरवून घ्यावंच लागतं. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर त्यासाठी स्वतंत्र पान असतं आणि पीएनआर व ई-मेल टाकला की पीडीएफ मिळतं.

समजा बिलात काहीतरी राहून गेलंय. लगेच क्रेडिट सोडून द्यायचं का? नाही. नियम ३६(२) मध्ये किमान अट दिलेली आहे. कराची रक्कम, सेवेचं वर्णन, एकूण किंमत, देणारा आणि घेणारा या दोघांचे जीएसटी नंबर आणि आंतरराज्य व्यवहार असेल तर पुरवठा स्थळ, एवढं बिलावर असेल तर बाकीच्या उणिवांसाठी क्रेडिट अडवू नये, अशी तरतूद त्यात आहे. फर्मच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, सेवेचा कोड छापलेला नाही, पत्ता अर्धवट आहे, अशा गोष्टी यामुळे निभावून जातात. पण यादी पुन्हा वाचली तर दिसेल की आपला जीएसटी नंबर या किमान अटीतही आहे. तो नसेल तर सांभाळून घेणारी कोणतीच तरतूद नाही.

आणखी एका गोष्टीवरून हल्ली वाद होतात. मोठ्या कंपन्यांच्या बिलावर ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड पाहायची सवय झाल्यामुळे काही हिशेबनीस विमानाच्या बिलावर तो नाही म्हणून बिल बाजूला ठेवतात. नियम ५४(४) खाली येणाऱ्या प्रवासी वाहतूक कंपन्यांना ई-इनव्हॉइसमधून सूट दिलेली आहे. कोड नसलेलं बिल त्यामुळे अवैध होत नाही.

बुकिंग करताना नंबर टाकायचा रकाना पानावर नीट दिसेलच असं नाही. प्रवाशांच्या नावांच्या खाली कुठेतरी एक छोटा चौकोन असतो, त्यावर टिक केली की नंबर, कंपनीचं नाव आणि ई-मेल असे तीन रकाने उघडतात. नंबर पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, पुढची दहा अक्षरं पॅनची. शेवटचं अक्षर तपासणीचं असल्यामुळे एखादा आकडा चुकला तर साइट बहुधा तिथेच अडवते. खरी फसगत दोन राज्यांत नोंदणी असणाऱ्यांची होते. गोव्यातल्या शाखेच्या माणसाचं तिकीट काढताना ब्राउझरने आपणहून पुण्याचा नंबर भरला, तर तो नंबर बरोबरच असतो, फक्त क्रेडिट चुकीच्या राज्यात जातं. कंपनीच्या नावाच्या रकान्यात प्रवाशाचं नाव टाकायचं नसतं, तिथे नोंदणीवर आहे तेच नाव टाकायचं. तिकिटावरचा प्रवासी मालक असो, सेल्समन असो किंवा कारागीर, पैसे फर्मने दिले आणि काम फर्मचं असलं म्हणजे झालं.

नंबर विसरला आणि तिकीट निघालं, तर त्याच दिवशी कंपनीला कळवून पाहावं. पण बहुतेक ठिकाणी ‘नंतर बदल करता येत नाही’ हेच उत्तर मिळतं. कायद्यात दुरुस्तीची वाट आहे, पण ती विमान कंपनीने चालायची आहे आणि तीनशे रुपयांसाठी तिला तेवढी आस्था नसते.

एजंटकडून तिकीट काढणाऱ्यांनी इथे जरा थांबून वाचावं, कारण छोट्या गावांत अजूनही बहुतेक तिकिटं अशीच निघतात. एजंटचं बिल येतं, त्यावर ‘हवाई तिकीट’ म्हणून सगळी रक्कम असते, खाली त्याचं सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एजंटचा नंबर असतो, आपलाही असतो, बिल अगदी चोख दिसतं. पण त्यावर दाखवलेला जीएसटी फक्त सेवाशुल्काचा असतो. भाड्यावरचा जीएसटी विमान कंपनीने लावलेला आहे आणि त्याचं बिल विमान कंपनीच देणार. एजंटने कंपनीच्या सिस्टीममध्ये तिकीट काढताना आपला नंबर टाकला असेल तरच ते बिल आपल्या नावाने निघतं. तिथे त्याने काही टाकलं नसेल किंवा स्वतःच्या एजन्सीचा नंबर टाकला असेल, तर त्याचं चोख बिल भाड्यापुरतं निरुपयोगी. तिकीट सांगताना ‘बिल आमच्या नावाने कर’ एवढं म्हणणं म्हणून पुरत नाही. ‘एअरलाइनच्या बुकिंगमध्ये आमचा नंबर टाक आणि एअरलाइनचं इनव्हॉइस पाठव’ असं सांगावं लागतं. ऑनलाइन बुकिंग साइटचंही तेच आहे. तिच्या सुविधा शुल्काचं बिल ती देते, भाड्याचं बिल कंपनी देते. आपल्या व्यापाऱ्याने साइटला ३५० रुपये शुल्क दिलं असेल तर त्यावरचे ६३ रुपये तिसऱ्याच बिलावर असतील.

तिकिटाच्या किमतीत विमानतळाचं यूजर डेव्हलपमेंट फी नावाचं शुल्कही असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. हे शुल्क विमानतळाचं असतं, विमान कंपनी ते फक्त गोळा करून देते. त्यामुळे त्यावरच्या कराचं क्रेडिट घ्यायचं कुणी, असा प्रश्न पडला होता. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ११ ऑक्टोबर २०१९च्या परिपत्रकात तो निकालात काढला: विमान कंपनीने हे क्रेडिट घ्यायचं नाही, नोंदणीकृत प्रवाशाने कंपनीच्या बिलाच्या आधारावर घ्यायचं. आपल्या व्यापाऱ्याच्या दोन्ही प्रवासांत मिळून हे शुल्क ४०० रुपये धरलं तर कर ७२ रुपये होतो. अनेकजण फक्त भाड्याच्या ओळीचे ५ टक्के उचलतात आणि ही ओळ तशीच सोडून देतात.

सगळं धरून या एका दिल्लीवारीचं क्रेडिट असं: भाड्यावर ६५०, विमानतळाच्या शुल्कावर ७२, साइटच्या शुल्कावर ६३, एकूण ७८५ रुपये. वर्षातून एकदाच विमानात बसणाऱ्याने या रकमेसाठी सीएला फोन करण्यातही अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याचा आकडा मात्र वर्षाला साधारण एकोणीस हजारांवर जातो. आणि क्रेडिट घेतलंच नाही तरी तो कर अगदीच वाया जात नाही. तो प्रवासखर्चात धरून आयकरासाठी खर्च म्हणून दाखवता येतो. तेव्हा क्रेडिट घेतलं असेल तर खर्च कर वगळून लिहायचा, नसेल तर कर धरून. एकच रक्कम दोन्हीकडे लावायची नाही.

बिल हातात आलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. कलम १६ प्रमाणे विमान कंपनीने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं असलं पाहिजे आणि ते आपल्या `GSTR-2B` मध्ये उतरलेलं असलं पाहिजे. पोर्टलवर हा तक्ता दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. त्यात शोधताना पहिला घोळ नावाचा होतो. तिथे विमानावर रंगवलेलं नाव दिसेलच असं नाही, नोंदणीतलं नाव येतं. इंडिगोने गेलात तर इंटरग्लोब एव्हिएशन शोधायचं, अकासाने गेलात तर एसएनव्ही एव्हिएशन. दुसरा घोळ राज्यांचा. आपल्या व्यापाऱ्याला जातानाचं बिल कंपनीच्या २७ ने सुरू होणाऱ्या नंबरखाली दिसेल आणि येतानाचं दिल्लीच्या ०७ खाली. एक सापडलं आणि दुसरं नाही म्हणून लगेच तक्रार करण्याआधी दुसऱ्या नंबरखाली पाहावं. आणि तिथे पीएनआर दिसत नाही, बिलाचा क्रमांक दिसतो. म्हणून बिल उतरवून घेतानाच वहीत किंवा एक्सेलमध्ये पीएनआरसमोर बिल क्रमांक लिहून ठेवणं हे या सगळ्यातलं सर्वात कमी कष्टाचं आणि सर्वात उपयोगी काम.

तक्त्यात एजंटची १८ टक्क्यांची छोटी ओळ आहे आणि विमान कंपनीची ओळच नाही, असं दिसलं तर समजावं की कंपनीच्या बुकिंगमध्ये नंबर गेलेला नाही. दिल्लीहून निघालेल्या बिलावर आपला नंबर आहे पण कर दिल्लीचा लावलाय, असं दिसलं तर पुरवठा स्थळ चुकलंय. ते क्रेडिट घेऊ नये, कंपनीकडे दुरुस्ती मागावी. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर ते १८ टक्के व्याजासह परत करावं लागतं.

तिकीट रद्द केलं की कंपनी क्रेडिट नोट काढते आणि तीही याच तक्त्यात येते. आधी घेतलेलं क्रेडिट तेवढं कमी करायचं असतं. लोक मूळ बिल आठवणीने लावतात आणि क्रेडिट नोटेकडे पाहत नाहीत. पोर्टल मात्र दोन्ही पाहतं. तसंच महिने आधी काढलेल्या तिकिटाचं. सेवा मिळाल्यावरच क्रेडिट घ्यायचं असा नियम आहे, तेव्हा फेब्रुवारीत बिल आलं आणि प्रवास एप्रिलात असला तर एप्रिलपर्यंत थांबायचं.

एका बाबतीत मात्र विवेक लागतो. कामासाठी दिल्लीला जाताना घरच्यांनाही सोबत नेलं आणि एकाच पीएनआरवर चौघांची तिकिटं नंबर टाकून काढली, तर चौघांचाही कर तक्त्यात येईल. तक्त्यात आला म्हणजे तो घेता येतो असं नाही. घरच्यांचा प्रवास खासगीच राहतो आणि त्यावरचं क्रेडिट कलम १७(५) ने बंद केलंय. सरळ मार्ग म्हणजे घरच्यांचं तिकीट वेगळं आणि नंबर न टाकता काढावं. आपल्या तिकिटाच्या बिलासोबत खरेदीदाराचा ई-मेल, प्रदर्शनाचा पास किंवा त्या दौऱ्यात मिळालेली ऑर्डर लावून ठेवावी. चौकशी दोन-तीन वर्षांनी येते आणि तेव्हा दिल्लीला कशाला गेला होतात हे आठवणीतून सांगून भागत नाही.

जुनी तिकिटं अजून तपासता येतात. एखाद्या आर्थिक वर्षातल्या बिलाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोपर्यंत घेता येतं. २०२५-२६ मधल्या तिकिटांसाठी ती तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे. ई-मेलमध्ये पीएनआर शोधा, कंपनीच्या साइटवरून इनव्हॉइस उतरवा आणि सर्वात आधी त्यावर तुमचा पंधरा अक्षरी नंबर आहे का ते बघा.